ब्रिटनची ड्रायव्हिंग थिअरी टेस्ट: ५० प्रश्न, १४ क्लिप आणि गुण नेमके कसे मोजतात

इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये गाडीचं लायसन्स काढायचं असेल तर प्रत्यक्ष ड्रायव्हिंग टेस्टच्या आधी थिअरी टेस्ट द्यावी लागते. या परीक्षेत नापास होणारे सगळे अभ्यास न करणारेच असतात असं नाही. अनेकांना गुण कसे मोजतात हेच नीट माहीत नसतं. कुणी पहिल्या भागात ४७ मिळवतो आणि दुसऱ्या भागात एका गुणाने अडकतो. कुणी पंधरा वर्षं पुण्या-मुंबईत गाडी चालवलेली असते आणि व्हिडिओच्या भागात त्याच्या पदरात शून्यावर शून्य पडतात. म्हणून या लेखात पाठ्यक्रम शिकवलेला नाही. प्रश्न किती, पास व्हायला किती हवेत, गुण कुठे मिळतात आणि कुठे जातात, एवढंच क्रमाने पाहू. हे सगळं कारच्या परीक्षेबद्दल आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, ती इथे धरलेली नाही.

## आधी चार आकडे

परीक्षा एकाच बैठकीत होते आणि तिचे दोन भाग असतात.

- पहिला भाग: बहुपर्यायी ५० प्रश्न, वेळ ५७ मिनिटं, पास व्हायला ४३ बरोबर.
- दुसरा भाग: हॅझर्ड पर्सेप्शन, म्हणजे रस्त्यावरचा धोका वेळेत ओळखणं. १४ व्हिडिओ क्लिप, एकूण ७५ गुण, पास व्हायला ४४.

४३ आणि ४४ हे आकडे शेजारी शेजारी असल्याने लोक ते हमखास उलटे लक्षात ठेवतात. पहिल्यात ५० पैकी ४३, म्हणजे ८६ टक्के. दुसऱ्यात ७५ पैकी ४४, म्हणजे जेमतेम ५९ टक्के. टक्के पाहून दुसरा भाग सोपा वाटतो, पण तिथे गुण मिळवायची पद्धतच निराळी आहे.

इशारा: दोन्ही भागांची बेरीज होत नाही. पहिल्यात ५० पैकी ५० मिळाले तरी दुसऱ्यातले ४३ हे नापासच. आणि एका भागात पास, दुसऱ्यात नापास झालात तर पुढच्या वेळी दोन्ही भाग पुन्हा द्यावे लागतात. पास झालेला भाग राखून ठेवता येत नाही.

कुणी तुम्हाला ‘१०० प्रश्न, ८५ ला पास’ असं सांगितलं तर तो लॉरीच्या किंवा इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेबद्दल बोलतो आहे. ‘३५ प्रश्न’ म्हणणारा फार जुनी गोष्ट सांगतो आहे. मोटरसायकलचे आकडे मात्र कारसारखेच आहेत.

## टप्पा १: बुकिंग करण्यापूर्वी

परीक्षेला बसायला ब्रिटनचं प्रोव्हिजनल लायसन्स, म्हणजे शिकाऊ परवाना, हातात हवं. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, पण ते लायसन्स बदलून ब्रिटिश लायसन्स मिळत नाही. म्हणजे कितीही अनुभव असला तरी प्रोव्हिजनल, थिअरी आणि प्रॅक्टिकल हा रस्ता सगळ्यांना सारखाच. इथे वाढलेल्या मुलांना साधारणपणे १७ वर्षं पूर्ण झाल्यावर ही परीक्षा देता येते.

बुकिंग GOV.UK या सरकारी संकेतस्थळावरच करा. फी सध्या २३ पौंड आहे. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या काही खासगी साइट त्याच बुकिंगचे जादा पैसे लावतात आणि बदल्यात काहीही देत नाहीत. नाव लायसन्सवर आहे तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून कधी येतं, कधी गाळलं जातं. इथे प्रमाण फक्त लायसन्स.

तारीख पुढे-मागे करायची असेल तर मधे पूर्ण तीन कामकाजाचे दिवस असावे लागतात, नाहीतर फी बुडते. दिवस मोजत बसण्यापेक्षा आठवडाभर आधीच निर्णय घ्यावा.

परीक्षा मराठीत, हिंदीत किंवा दुभाष्याकडून देता येत नाही. ही सोय २०१४ साली बंद झाली. वाचायची अडचण असेल, डिस्लेक्सिया असेल, तर हेडफोनवर प्रश्न इंग्रजीत ऐकता येतात आणि जास्त वेळही मागता येतो, पण ते बुकिंग करतानाच सांगावं लागतं. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर सांगून उपयोग नाही.

तपासा: लायसन्सचं फोटोकार्ड पाकिटात आहे का? ते विसरलात तर आत घेत नाहीत आणि फीही परत मिळत नाही. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

## टप्पा २: पहिल्या भागाचं गणित समजून घ्या

पन्नास प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. भारतातल्या प्रवेश परीक्षा दिलेल्यांना हे मनात रुजवायला वेळ लागतो. निगेटिव्ह मार्किंगची सवय असल्याने ते दोन-तीन प्रश्न कोरे सोडतात. इथे कोरा प्रश्न आणि चुकलेला प्रश्न यांची किंमत सारखीच, शून्य. चार पर्यायांतले दोन उघड चुकीचे दिसले तर उरलेल्या दोनातून एक टिचकी मारण्यात तोटा काहीच नाही. एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

४३ हवेत म्हणजे सात चुका परवडतात. सात ऐकायला बऱ्याच वाटतात, पण घरच्या सरावात ४३-४४ मिळत असतील तर तुम्ही अजून तयार नाही. याचं कारण साधं आहे. तुम्हाला पाठ्यक्रमाचा ९० टक्के भाग येतो असं धरा. म्हणजे सरासरी ४५ बरोबर येतील. पण कुठल्या दिवशी कोणते ५० प्रश्न समोर येतील हा नशिबाचा भाग, आणि हिशेब केला तर अशी तयारी असलेला माणूस साधारण आठातून एकदा ४३ च्या खाली जातो. तेच ९४ टक्के येत असेल तर हा धोका अगदी किरकोळ उरतो. म्हणून सरावात सलग काही वेळा ४७ च्या वर आल्याशिवाय तारीख घेऊ नये, असं माझं मत आहे. आणि हे ४७ वेगवेगळ्या प्रश्नसंचांवर हवेत. तोच संच चौथ्यांदा सोडवून आलेले ४९ हे ज्ञानाचे नाहीत, पाठांतराचे आहेत.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. अॅपमधले किंवा पुस्तकातले प्रश्न जसेच्या तसे परीक्षेत येतात असं अनेकांना वाटतं. खरे प्रश्न छापले जात नाहीत. सरावाचे प्रश्न त्याच विषयांवरचे असतात, पण शब्दरचना वेगळी असते. ‘उत्तर ब’ असं लक्षात ठेवणारा तिथेच गडबडतो.

पन्नासपैकी तीन प्रश्न एका छोट्या, आवाज नसलेल्या व्हिडिओवर असतात. गावातला रस्ता, ग्रामीण रस्ता असं साधं दृश्य दिसतं आणि त्यावर तीन बहुपर्यायी प्रश्न येतात. हा व्हिडिओ हवा तितक्या वेळा पाहता येतो, आणि याचे गुण पहिल्या भागातच धरतात. दुसऱ्या भागातल्या क्लिपशी याचा संबंध नाही. तिथे क्लिप एकदाच दिसते.

## टप्पा ३: अभ्यास कोणत्या क्रमाने

प्रश्नसंचापासून सुरुवात करू नका. आधी हायवे कोड, म्हणजे ब्रिटनमधल्या रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक, वाचा. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. मग चिन्हं, आणि मग सराव प्रश्न. उलटा क्रम घेतला की उत्तरं लक्षात राहतात, नियम राहत नाही.

भारतात गाडी चालवलेल्यांनी एक वेगळी वही करावी. डावीकडून चालवणं दोन्हीकडे सारखं असल्याने आपल्याला सगळं येतं असं वाटतं, आणि चुका नेमक्या त्या ओळखीच्या जागी होतात. हेडलाइट चमकवण्याचंच घ्या. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब’. इथल्या नियमात त्याचा अर्थ एवढाच की मी इथे आहे, याची जाणीव करून देणं. त्यामुळे समोरच्याने दिवे चमकवले तर काय कराल, या प्रश्नाला ‘थांबेन’ किंवा ‘निघेन’ अशी दोन्ही उत्तरं चुकतात. स्वतः खात्री करून मग ठरवायचं असतं. हॉर्नचंही तसंच. वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळेत हॉर्न वाजवायला बंदी आहे. अपवाद फक्त रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणामुळे धोका निर्माण झाला असेल तेव्हाचा.

वळताना तुम्ही ज्या रस्त्यात शिरणार तो ओलांडायला कुणी पादचारी उभा असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम २०२२ पासून स्पष्ट शब्दांत आला आहे. जुन्या पुस्तकात तो सापडणार नाही. मोठ्या भावाचं किंवा मित्राचं पुस्तक वापरत असाल तर त्याचं वर्ष पाहून घ्या.

आकडे पाठ करायचेच असतील तर थांबण्याच्या अंतराचे करा: ताशी ३० मैलाला २३ मीटर, ५० ला ५३, ७० ला ९६. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरून हे आकडे आहेत. ३० वरून ७० वर वेग दुपटीपेक्षा थोडा जास्त होतो, पण अंतर चौपटीच्या वर जातं. हे एकदा उमगलं की मधले आकडेही लक्षात राहतात.

## टप्पा ४: केंद्रावर, पहिली ५७ मिनिटं

फोन, घड्याळ, पिशवी सगळं लॉकरमध्ये जातं. खिसे दाखवायला, बाह्या वर करायला सांगतात. सगळ्यांनाच सांगतात, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

पन्नास प्रश्नांना ५७ मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाला थोडं कमी. प्रत्यक्षात बहुतेक प्रश्न वीस-तीस सेकंदांत सुटतात, त्यामुळे घाई वेळेची नसते, वाचनाची असते. नकार दडलेले प्रश्न, ‘सर्वात आधी काय कराल’ असे प्रश्न हे भरभर वाचणाऱ्यालाच चकवतात. ‘सर्वात आधी’ विचारलं असेल तर चारही पर्याय करण्यासारखे असू शकतात. बरोबर मात्र एकच, जो आधी करायचा.

पहिल्या फेरीत प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या, शंका असेल त्याला फ्लॅग लावा आणि पुढे जा. दुसऱ्या फेरीत फक्त फ्लॅगवाले उघडा. उत्तर न देता फ्लॅग लावून सोडणं ही वाईट सवय आहे. वेळ संपली तर तो प्रश्न कोराच राहतो.

तपासा: भाग संपवण्यापूर्वी आढावा पडदा पाहा. उत्तर न दिलेला एकही प्रश्न उरलेला नसावा.

यानंतर तीन मिनिटांपर्यंत विश्रांती घेता येते. ती घ्याच. वाचायच्या परीक्षेतून पाहायच्या परीक्षेत जायचं आहे, डोळ्यांना तेवढी मोकळीक हवी. या वेळी पहिल्या भागाचे गुण कळत नाहीत, त्यामुळे ‘तो बहुतेक गेलाच’ असं मनाशी ठरवून दुसरा भाग ढिलेपणाने देऊ नका.

## टप्पा ५: हॅझर्ड पर्सेप्शनचे गुण कसे मिळतात

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण सगळा घोळ इथेच होतो.

चौदा क्लिप, प्रत्येक साधारण एक मिनिटाची. गाडीच्या चालकाच्या जागेवरून दिसतो तसा रस्ता समोर येतो. प्रत्येक क्लिपमध्ये एक ‘विकसित होणारा’ धोका असतो, आणि कुठल्यातरी एका क्लिपमध्ये दोन असतात. कोणत्या, ते सांगत नाहीत. म्हणजे १५ धोके, प्रत्येकाला जास्तीत जास्त ५ गुण, एकूण ७५.

विकसित होणारा धोका म्हणजे काय? ज्यामुळे तुम्हाला वेग किंवा दिशा बदलावी लागेल अशी गोष्ट. रस्त्याकडेला नुसती उभी असलेली गाडी हा संभाव्य धोका. तिचा उजवा इंडिकेटर लागला आणि ती तुमच्या वाटेत येऊ लागली की तो विकसित होणारा धोका झाला. गुण फक्त या दुसऱ्यालाच आहेत.

धोका आकार घेऊ लागतो तिथपासून तो पूर्ण समोर येईपर्यंतच्या काळाला विंडो म्हणतात. या विंडोचे पाच भाग असतात. पहिल्या भागात क्लिक केलं तर ५, दुसऱ्यात ४, मग ३, २, १. विंडो उघडण्याआधी क्लिक केलं तर शून्य, बंद झाल्यावर केलं तरी शून्य. चुकीच्या क्लिकला गुण कापत नाहीत. पण सतत क्लिक केलं किंवा ठरावीक तालात क्लिक केलं तर त्या पूर्ण क्लिपचा शून्य होतो.

आता एक क्लिप सेकंदासेकंदाने पाहू. आकडे समजावण्यासाठी धरले आहेत. खऱ्या विंडो प्रत्येक क्लिपला वेगळ्या आणि कमी-जास्त लांबीच्या असतात.

वस्तीतला अरुंद रस्ता, डाव्या बाजूला गाड्यांची रांग. २२ व्या सेकंदाला त्या रांगेतली एक पांढरी व्हॅन दिसते. २४ व्या सेकंदाला तिच्या आरशात चालकाची हालचाल कळते आणि ब्रेकचा दिवा लागतो. २७ व्या सेकंदाला उजवा इंडिकेटर लुकलुकतो. २९ ला पुढचं चाक वळतं, ३० ला व्हॅनचं नाक रस्त्यात येतं. विंडो २७ ला उघडते आणि ३२ ला बंद होते, एका सेकंदाला एक भाग, असं धरू.

समजा, चार उमेदवार ही क्लिप पाहत आहेत. पहिला मुरलेला चालक आहे. त्याने २४ व्या सेकंदालाच ताडलं, क्लिक केलं आणि ‘झालं काम’ म्हणून हात बाजूला घेतला. गुण शून्य. रस्त्यावर तो या चौघांत सर्वात सुरक्षित ठरला असता, पण यंत्राच्या दृष्टीने विंडो तेव्हा उघडलेलीच नव्हती.

दुसऱ्याने २४ ला क्लिक केलं आणि इंडिकेटर दिसताच २७.६ ला पुन्हा केलं. पहिलं क्लिक वाया गेलं, दुसरं पहिल्या भागात पडलं. गुण ५.

तिसऱ्याने व्हॅन खरंच बाहेर येते का याची वाट पाहिली आणि ३०.२ ला क्लिक केलं. चौथा भाग, गुण २.

चौथ्याला कुणीतरी युक्ती सांगितली होती. त्याने २२ पासून ३२ पर्यंत दर सेकंदाला एक टिचकी मारली. क्लिप संपल्यावर पडद्यावर सूचना आली की क्लिक करण्याची पद्धत अमान्य आहे. गुण शून्य.

एकाच धोक्यावर शून्य, पाच, दोन, शून्य. चौघांनाही व्हॅन दिसली होती.

## टप्पा ६: क्लिक करण्याची पद्धत बसवा

वरच्या उदाहरणातून पद्धत आपोआप निघते. संशय आला की एक क्लिक, आणि तीच गोष्ट खरोखर हालचाल करू लागली की दुसरं. घटना लांबत असेल तर कधी तिसरंही. एका क्लिपमध्ये एकापेक्षा जास्त गोष्टींवर क्लिक करणं स्वाभाविकच आहे. शिक्षा क्लिकच्या तालाला आणि भडिमाराला आहे. विंडोत एकापेक्षा जास्त क्लिक पडली तर सर्वात लवकरचं, म्हणजे जास्त गुणांचं, मोजलं जातं. त्यामुळे दुसऱ्या क्लिकने पहिल्याचं नुकसान होत नाही.

क्लिक पडद्यावर कुठेही करा, माउसचं कुठलंही बटण चालतं. नेमकं व्हॅनवर बोट ठेवायची गरज नाही, वेळ तेवढी महत्त्वाची. प्रत्येक क्लिकला पडद्याच्या तळाशी लाल झेंडा उमटतो. हा झेंडा म्हणजे गुण नव्हे. क्लिक पोहोचलं, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक क्लिपपूर्वी दहा सेकंदांची उलटी मोजणी असते आणि त्या वेळी पहिलं दृश्य गोठलेलं दिसतं. हे दहा सेकंद रस्ता वाचण्यासाठी वापरा: शाळेची पाटी, बसस्टॉप, ओला रस्ता, डावीकडे फुटणारी गल्ली. क्लिप सुरू झाली की मागे जाता येत नाही, पुन्हा पाहता येत नाही.

इशारा: धोका येऊन गेला म्हणून उरलेली क्लिप सोडून देऊ नका. दोन धोक्यांची क्लिप नेमकी तीच असेल, तर दुसऱ्या धोक्याचे ५ गुण डोळ्यांदेखत जातात.

घरी सराव करताना अशाच क्लिप घ्या ज्या शेवटी तुमची विंडो आणि क्लिक दोन्ही दाखवतात. शून्य आला तर तो लवकरचा की उशिराचा, हे लिहून ठेवा. अनुभवी चालकांचे बहुतेक शून्य लवकरचे असतात, नवख्यांचे उशिराचे. दोघांचा इलाज वेगळा आहे. पहिल्याने दुसऱ्या क्लिकची सवय लावायची. दुसऱ्याने नजर लांब टाकायला शिकायचं, कारण तो गाडीच्या बॉनेटपुढचाच रस्ता पाहत असतो.

## टप्पा ७: एक पूर्ण गुणपत्रिका

७५ पैकी ४४ म्हणजे प्रत्येक धोक्याला सरासरी ३ ला किंचित कमी. सगळ्यांना ३ मिळाले तर ४५, म्हणजे पास, पण फक्त एक गुण हातचा. आता एक काल्पनिक उमेदवार घेऊ. पहिल्या भागात तिला ४७ मिळाले आहेत. तिच्या क्लिपचे गुण असे:

४, ३, ०, ५, ३, ४, ०, २, ४, ३, मग दोन धोक्यांच्या क्लिपचे ४ आणि २, शेवटच्या तीन क्लिपचे ५, ३, १.

बेरीज ४३. नापास, एका गुणाने. आणि ४७ सुद्धा वाया.

तिसऱ्या क्लिपमधला शून्य लवकर केलेल्या एकुलत्या क्लिकचा होता. सातव्यातला शून्य घाबरून केलेल्या भडिमाराचा. ज्या तेरा धोक्यांवर तिला गुण मिळाले, तिथली सरासरी ३.३ आहे, म्हणजे तिची नजर चांगली आहे. पंधराही धोक्यांना हीच सरासरी पडती तर पन्नासच्या आसपास गेली असती. तिने पाचाच्या मागे धावायची काही गरज नव्हती. या दोन शून्यांपैकी कुठल्याही एकाच्या जागी नुसता १ असता तरी ती पास होती. सरावातही हेच लक्षात ठेवावं. तीनाचे चार करण्यापेक्षा शून्य कमी करण्यात जास्त फायदा आहे.

## टप्पा ८: निकाल हातात आल्यावर

निकालाचं पत्र त्याच दिवशी केंद्रावर मिळतं. नापास झालात तर कुठे कमी पडलात ते त्यात असतं. ते वाचून मगच पुढची तारीख ठरवा. पुन्हा बसायला मधे किमान तीन कामकाजाचे दिवस जावे लागतात आणि २३ पौंड पुन्हा भरावे लागतात. पहिला भाग कमी मार्कांनी गेला असेल तर तीन दिवस पुरत नाहीत. दुसरा भाग एक-दोन गुणांनी गेला असेल तर मात्र क्लिकची सवय सुधारायला आठवडाभर पुष्कळ होतो. फक्त तोवर पहिल्या भागाचा सराव सोडू नका, तोही पुन्हा द्यायचा आहे.

पास झालात तर पत्रावर एक क्रमांक असतो. प्रॅक्टिकल टेस्टचं बुकिंग करताना तो लागतो. थिअरीचा निकाल दोन वर्षं चालतो. त्या मुदतीत प्रॅक्टिकल पास झाला नाहीत तर थिअरी पुन्हा, दोन्ही भागांसह. ही मुदत वाढवून मिळत नाही. प्रॅक्टिकलच्या तारखा लांबच्या मिळतात आणि पहिल्या फटक्यात सगळेच पास होत नाहीत. गाडी शिकायला अजून सुरुवातही केली नसेल तर थिअरी उरकून टाकण्याची घाई करू नका. इन्स्ट्रक्टर ठरला, तास सुरू झाले की मग ती द्या. आणि पत्र हाती पडलं की मुदत संपण्याची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.